गंगू आणि ताई, वाई

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे आणि पुण्यात स्मृतिभ्रंश झालेल्या ज्येष्ठांच्या घरी जाऊन काम करते. ज्या आजींबद्दल लिहितेय त्यांचं त्या आठवड्यात सहस्रचंद्रदर्शन होतं. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घटनेला बरेच दिवस झाले, तरी त्यातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

आजींना अल्झायमरची अगदी सुरुवात होती. बी-१२, थायरॉइड वगैरे तपासण्या आधीच होऊन गेल्या होत्या. काल कोण आलं होतं ते आठवत नसे, तोच प्रश्न तासाभरात पुन्हा येई, पण आंघोळ, पूजा, नऊवारी नेसणं सगळं त्यांचं त्या करत. या टप्प्याबद्दल घरच्यांना एक गोष्ट पटवताना मला फार जड जातं: आपण विसरतोय हे त्या माणसाला कळत असतं आणि ते लपवण्यात त्याची दिवसभराची शक्ती खर्च होत असते. ते ओळखायची एक साधी खूण आहे. प्रश्न आजींना विचारला की त्यांची मान सुनेकडे वळायची. उत्तर सुनेनं द्यायचं आणि त्यांनी हसून ‘तेच की’ म्हणायचं. जितक्या वेळा मान वळते, तितक्या वेळा त्या माणसाची परीक्षा झालेली असते.

बंगळुरूहून नात आली होती. खूप शोधून, मनापासून तिनं तीन वस्तू आणल्या होत्या: झिपा, बटणं, मणी आणि मखमली पट्ट्या शिवलेली एक छोटी चादर, एक डिजिटल फोटोफ्रेम आणि जुन्या रेडिओसारखा दिसणारा, आत शेकडो गाणी भरलेला प्लेअर. स्पर्श, संगीत, फोटो. यादी म्हणून यात काहीच चूक नाही. सोहळ्याआधी मी एकदा बघून जावं, एवढंच तिचं म्हणणं होतं.

चादर आजींनी हातात घेतली, एक झिप वरखाली केली आणि विचारलं, “कुणाच्या बाळाची गं?” नातीचा चेहरा उतरला. अशा चादरी हात सतत अस्वस्थ असतात अशा पुढच्या टप्प्यातल्या माणसांना खरोखर शांत करतात. पण ज्या बाईला अजून सगळं समजतं, तिला बाळाची वस्तू दिल्यासारखं वाटतं. दुकानांत आणि जाहिरातींत ‘स्मृतिभ्रंशासाठी’ एवढीच चिठ्ठी लावून सगळं एकत्र विकतात, टप्पा कुठला ते कुणी सांगत नाही. याचा मला राग येतो.

मी सुनेला देवघरातला कापूस आणायला सांगितलं. आजींनी सरकी काढली, कापूस पिंजून मोकळा केला, दुधाचं बोट लावलं आणि तळहातावर फुलवात वळायला लागल्या. खाली गोल बूड, वर टोकदार शेंडी, प्रत्येक वात तेवढ्याच उंचीची. बोलणं चालू, डोळे माझ्याकडे आणि बोटं आपली आपण चाललेली. घटनांची नवी आठवण साठवण्यात मेंदूच्या ज्या भागाचा मोठा वाटा असतो, त्याला या आजारात सर्वांत आधी धक्का बसतो. वर्षानुवर्षं हातात बसलेली कामं मेंदूच्या दुसऱ्या भागांच्या जिवावर चालतात, म्हणून ती खूप पुढेपर्यंत टिकतात. शिवाय वात वळणं हे खरं काम आहे. संध्याकाळी ती दिव्यात जळते. नातीनं तिथल्या तिथे ठरवलं की स्पर्शाची भेट म्हणजे कापसाचा मोठा डबा आणि वाती ठेवायला पितळेची डबी.

दुसरी गोष्ट गोधडीची. आजींच्या साड्यांची गोधडी शिवून घ्यायची कल्पना मुलाची होती आणि ती चांगलीच होती, फक्त त्यानं कपाटातून पैठणी काढली होती. या वयात त्वचा कागदासारखी झालेली असते, जरीनं ओरखडा उठतो. मी धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साड्या घ्यायला सांगितलं. आकार मांडीवर मावेल एवढा, साधारण तीन फूट बाय तीन फूट, म्हणजे चालताना पायात येत नाही आणि नको झाली तर स्वतःच्या हातानं बाजूला करता येते. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे साडी त्यांच्यासमोर, त्यांना विचारूनच कापायची. गुपचूप कापलेली साडी पुढच्या महिन्यात कपाटात सापडत नाही आणि मग आळ येतो कामवाल्या मावशींवर. असं मी इतक्या घरांत बघितलंय की गोधडी म्हटलं की मला आधी मावशींची काळजी वाटते. पदर आणि काठ वरच्या थरात दिसतील असे लावले, तर आजींना आपली साडी गोधडीत सापडते.

गाण्यांचं लवकर आटोपलं. मुलानं अभंग आणि भक्तिगीतं लावली. ‘आईला तेच आवडतं,’ हे त्यानं मला आधीच सांगून ठेवलं होतं. आजी हात जोडून ऐकत राहिल्या. बारा-पंधरा ते तिशीपर्यंतच्या वयातल्या आठवणी माणसाला इतर काळापेक्षा जास्त येतात, गाण्यांचंही तसंच, म्हणून मी वर्षांचा हिशेब केला. पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी त्या तेरा-चौदा वर्षांच्या. ‘बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ कुणाकडे असायचा?’ असं विचारलं, तर मान वळली नाही. “शेजारी. खिडकीखाली उभं राहायचो,” त्या म्हणाल्या. रेडिओ सिलोनवरची बिनाका गीतमाला १९५२ मध्ये सुरू झाली होती आणि बुधवारी लागायची. त्या काळातलं एक हिंदी गाणं लावलं, तर दुसऱ्या ओळीपासून शब्दन्‌शब्द त्यांच्या तोंडात. मुलगा बघतच राहिला. सासरी रेडिओवर सिनेमाची गाणी चालत नसत, त्यामुळे ही आवड घरात कुणाला ठाऊकच नव्हती. शेकडो गाण्यांऐवजी वीस गाण्यांचा एक पेनड्राइव्ह करायला सांगितला. प्लेअरची चालू-बंदची कळ सोडून बाकी सगळ्या कळांवर टेप आणि गाणं चालू असताना टीव्ही बंद. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला दोन आवाज एकत्र आले की दोन्हींचा गोंगाट होतो.

आता फोटो. डिजिटल फ्रेममध्ये दोनशे फोटो होते, दर पाच सेकंदांनी बदलणारे. आजी ‘हा कोण बरं’ म्हणेपर्यंत तो जाऊन दुसराच यायचा. वर नात विचारत होती, “आजी, ओळख कोण?” मान सुनेकडे, सुनेकडे, पुन्हा सुनेकडे. पाच मिनिटांत आजी म्हणाल्या, “डोळे दुखतात.” हे त्यांचं माघार घेणं होतं. नातीनं ते ओळखलं आणि स्वतःच फ्रेम बंद केली. तिचं मला खरंच कौतुक वाटलं.

मी कागदावरच्या अल्बमचा आग्रह धरते. पंधरा-वीस फोटो, एका पानावर एकच, मोठा, चमक नसलेल्या कागदावर. चमकदार कागदावर खिडकीचा उजेड पडतो आणि चेहरा दिसेनासा होतो. खाली मोठ्या अक्षरात नाव, नातं, गाव. या टप्प्यावर, अजून वेळ आहे तोवर, फोटोखालचं नाव घरच्यांनी लिहू नये, आजींनी सांगावं आणि दुसऱ्यानं लिहून घ्यावं. मग अल्बम त्यांची परीक्षा घेत नाही, माहिती त्यांच्याकडून येते.

ट्रंकेतून फोटो निघाले. एका जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला स्टुडिओतला फोटो होता. मागे रंगवलेला पडदा, पुढे परकर-पोलक्यातल्या दोन मुली, धाकटीच्या हातात फुलांची परडी. घरात कुणालाच त्या ओळखेनात. मुलगा म्हणाला, “आईची कुठली तरी मावसबहीण असेल.”

आजींनी फोटो हातात घेतला, अंगठ्यानं कडेची धूळ पुसली. “ही ताई. आणि ही गंगू.”

“गंगू कोण?”

“मी!”

लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव लिहिलं, त्या दिवसापासून त्या सुमन झाल्या. साठ वर्षांत त्या घरात त्यांना गंगू कुणी म्हटलं नव्हतं, मुलाला ते नाव माहीतही नव्हतं. मग त्या बोलत राहिल्या. कृष्णाबाईच्या उत्सवाला घाटावर जायचं होतं, वडिलांनी आधी फोटो काढायला नेलं, परडी फोटोवाल्याची होती आणि ती परत द्यावी लागली म्हणून गंगू रडली. एकदाही मान वळली नाही. ज्या बाईला सकाळी काय खाल्लं ते सांगता येत नव्हतं, तिच्याकडून सगळं घर माहिती घेत होतं.

नात लिहायला बसली. मुलगा म्हणाला, “सुमन लिही. आईचं नाव सुमन आहे.” त्याची भीती मला समजते. त्याला वाटलं आई मागे मागे चालली आहे आणि आपण तिला ढकलतोय. पण तिचं आयुष्य सासरी सुरू झालं असं धरून चालणारी घरं मी फार बघते आणि ते मला पटत नाही. शिवाय यात कामाची बाब आहे. पुढे कधी त्या ‘सुमनताई’ला ओ देणार नाहीत, पण ‘गंगू’ म्हटल्यावर वळून बघतील, असं होऊ शकतं. त्या वेळी सांभाळणाऱ्या बाईंना दोन्ही नावं माहीत असली पाहिजेत. मी माझ्या नोंदवहीत दोन्ही लिहिली. आजींनीच वाद मिटवला. “गंगू आणि ताई, वाई,” त्या म्हणाल्या, “असं लिही.”

आणि लगेच पुढे, “ताईला फोन लाव गं. सोहळ्याला बोलवायला हवं.”

ताई जाऊन बरीच वर्षं झाली होती. सगळे माझ्याकडे बघायला लागले. पुढच्या टप्प्यात अशी बातमी पुन्हा पुन्हा देणं म्हणजे दर वेळी नव्यानं शोक करायला लावणं, तेव्हा ती टाळावी. पण या टप्प्यावर खोटं बोललेलं त्यांच्या लक्षात येतं आणि विश्वास जातो. मी त्यांच्याजवळ बसून म्हटलं, “ताई आता नाहीत ना आजी.” त्या थोडा वेळ फोटोकडे बघत राहिल्या. “हो. गेली. मी होते तिच्याजवळ.” डोळे भरले, पण गोंधळ नव्हता. मग ताई कशी होती, काय काय करायची, हे त्यांनी स्वतःच सांगायला सुरुवात केली.

अल्बम झाला. हा फोटो मी पहिल्या पानावर ठेवू दिला नाही. आधी नातवंडांचे लहानपणचे ठेवले, कारण मोठी झालेली नातवंडं ओळखणं जास्त कठीण जातं. गंगू आणि ताई चौथ्या पानावर आहेत. मुलाचं म्हणणं आहे की ताईच्या नावाखाली ती गेल्याचं वर्ष लिहावं, म्हणजे आईनं विचारलं तर दाखवता येईल. मी नको म्हटलंय. वर्ष लिहिलं तर घरी कुणी जवळ नसताना, कुठल्याही दुपारी, आजी ते एकट्या वाचतील. न लिहिलं तर त्या विचारतील आणि जो घरात असेल त्याला प्रत्येक वेळी त्यांच्याकडे बघून ठरवावं लागेल की आज सांगायचं, की ताईबद्दलच बोलायचं. हे ओझं मी सुनेवर टाकलंय याची मला जाणीव आहे. पुढच्या भेटीला मुलगा पुन्हा विचारणार आहे आणि आत्ता तरी माझं उत्तर तेच आहे.