सिम माझं, ओटीपी त्याला : गॅलरीतल्या अडीच तासांची गोष्ट

शनिवारी संध्याकाळी घाटकोपर सुटल्यावर फोनचं नेटवर्क गेलं. लोकलमध्ये ते जातच असतं, म्हणून मी लक्ष दिलं नाही. मुलुंडला घरी आले, वायफाय लागलं आणि व्हॉट्सअ‍ॅप सुरू झालं. इथेच माझी फसगत झाली. मेसेज येतायत, भावाच्या मुलीचे फोटो येतायत, मग फोन बंद आहे असं वाटणार कसं? वरच्या कोपऱ्यातली सिग्नलची पट्टी रिकामी होती, पण तिकडे बघतं कोण.

रविवारी संध्याकाळी पावणेआठला ईमेलवर बँकेचे चार अलर्ट आले. नवा लाभार्थी जोडला गेला होता आणि तीन व्यवहारांत मिळून २,८६,००० रुपये गेले होते. एसएमएस एकही नाही. ते सगळे दुसऱ्याच कुणाच्या तरी हातातल्या फोनवर वाजत होते.

आधी माझी चूक सांगून टाकते, कारण ती लपवली तर पुढचं काही कळणार नाही. त्याआधीच्या गुरुवारी ‘पॅन अपडेट करा, नाहीतर खातं बंद’ असा मेसेज आला होता. लिंक उघडली, पान बँकेसारखंच दिसत होतं, त्यात युजर आयडी आणि पासवर्ड टाकला. पुढे काहीच घडलं नाही म्हणून विसरून गेले. पण नुसत्या पासवर्डवर पैसे निघत नाहीत, ओटीपी लागतो. तो मिळवण्यासाठी त्यांनी माझ्या नावाच्या कागदांवर माझ्याच नंबरचं दुसरं सिम काढलं. नवं सिम चालू होताच जुनं मरतं. घाटकोपरला ‘गेलेलं नेटवर्क’ ते हेच.

यातली एक गोष्ट मला नंतर कळली आणि आजही डोक्यात घण मारते. सिम बदललं की पहिले २४ तास त्या नंबरवर एसएमएस बंद ठेवायचे, असा दूरसंचार विभागाचा आदेश आहे. म्हणजे चोरांनाही शनिवार संध्याकाळ ते रविवार संध्याकाळ थांबावं लागलं. तो पूर्ण दिवस माझ्या हातात होता आणि मी डाळिंब्या सोलत बसले होते. नवऱ्याच्या फोनवरून स्वतःचा नंबर एकदा लावला असता तरी कळलं असतं. तिकडे रिंग जातेय आणि तुमचा फोन मुका, तर समजा की सिम दुसऱ्याकडे गेलं. (एवढंच की नंबर ‘बंद आहे’ असं ऐकू आलं तरी निर्धास्त राहू नका, चोर फोन बंद करून ठेवू शकतो.)

बँकेचं काम त्यामानाने पटकन झालं. नवऱ्याच्या फोनवरून लावला. जन्मतारीख, शेवटचे दोन व्यवहार वगैरे विचारून त्यांनी खातं रोखलं. फक्त ‘कार्ड ब्लॉक करा’ म्हणू नका. डेबिट फ्रीझ म्हणजे खात्यातून पैसे जाणं बंद, शिवाय नेट बँकिंग बंद आणि यूपीआय बंद, असं तिन्ही तोंडाने सांगा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर १९३० लावला. तिथे व्यवहाराचे क्रमांक विचारतात, म्हणून ईमेल समोर उघडून ठेवावं. पैसे पुढच्या खात्यातून बाहेर पडायच्या आत हा फोन गेला तर ते तिथेच अडवता येतात. माझे १,१०,००० असे अडकले, बाकीचे एव्हाना काढले गेले होते. cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवताना ओटीपी लागतो, म्हणून नवऱ्याचा नंबर दिला. माझा देणं म्हणजे चोरालाच ओटीपी पाठवणं.

खरा वनवास मोबाइल कंपनीकडे होता. रविवारी रात्री नवऱ्याच्या फोनवरून मोबाइल कंपनीच्या तक्रारीचा १९८ लावला, तर तो त्यांच्याच कंपनीत लागला, माझी कंपनी वेगळी. माझ्या कंपनीचा दहा आकडी नंबर शोधला, तर यंत्र म्हणालं की नोंदणीकृत मोबाइलवरून फोन करा. अहो, तोच तर गेलाय! शेवटी माणूस भेटला. तो म्हणाला, पडताळणीसाठी तुमच्या नंबरवर ओटीपी पाठवतो.

सोमवारी साडेदहाला गॅलरी, म्हणजे माझ्या मोबाइल कंपनीचं दुकान, उघडायच्या आधीच दारात उभी होते. काउंटरवरच्या मुलाने स्क्रीन बघितली.

“मॅडम, तुमचं सिम अ‍ॅक्टिव्ह आहे.”

“अ‍ॅक्टिव्ह आहे, पण माझ्याकडे नाहीये. ते बंद करा.”

“करतो ना. ओटीपी आलाय, तो सांगा.”

मी आधार दाखवलं, तीन वर्षांची बिलं दाखवली. तो म्हणाला, पर्यायी नंबरवर पाठवू का? पर्यायी नंबर म्हणून जे आकडे त्याने वाचले ते माझे नव्हतेच. सिम बदलताना तोही बदलला होता. मी हे ओरडून सांगितलं तेव्हा मॅनेजर बाहेर आले आणि म्हणाले, “सिस्टिममध्ये जे आहे तेच आम्ही धरतो.” नवरा म्हणाला, “अगं, शांत हो.” त्यांना म्हटलं, तुम्ही शांत राहा, मला राहायचं नाहीये.

अखेर बाजूच्या झेरॉक्सवाल्याकडून १९३० च्या तक्रारीची पोच छापून आणली आणि टेबलावर ठेवली. त्यावर क्रमांक होता, सरकारी नाव होतं. वीस मिनिटांत सिम बंद, माझा नवा फोटो काढला, नवं सिम दिलं. म्हणजे जे काम अडीच तास ‘शक्य नव्हतं’ ते एका कागदाने झालं. म्हणून गॅलरीत जाताना तो कागद छापूनच न्या. आणि गंमत बघा, नव्या सिमवर आता माझेच एसएमएस २४ तास बंद. मंगळवारपर्यंत बँकेचं कुठलंही काम ओटीपीने होईना, शाखेत जाऊन लेखी अर्ज दिला. त्यावर शिक्का आणि वेळ घेतली.

याहून मोठी झुंज एका पत्रासाठी झाली. सिम कधी, किती वाजता आणि कुठल्या दुकानातून बदललं, हे मला लेखी हवं होतं. गॅलरी म्हणे हेड ऑफिस, हेड ऑफिस म्हणे गॅलरी. तक्रार क्रमांक घेऊन कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे गेले, तेव्हा एकोणिसाव्या दिवशी ते मिळालं. सायबर पोलिसांनाही तेच लागलं आणि बँकेशी भांडायलाही तेच.

बँकेचं म्हणणं, पासवर्ड तुम्हीच दिलात, म्हणजे निष्काळजीपणा तुमचा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात दोन वेगळे प्रसंग आहेत. चूक ना तुमची ना बँकेची, आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर काही येत नाही. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं तर साध्या बचत खात्यावर जास्तीत जास्त १०,००० तुमच्या अंगावर. पण ग्राहकाने पासवर्डसारखी गोष्ट दिली असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. ग्राहकाचा दोष सिद्ध करण्याची जबाबदारी मात्र बँकेचीच. माझी बाजू अशी की पासवर्डने एक रुपयाही हलला नसता, तो कंपनीने परक्याला दिलेल्या सिमने हलला.

अडकलेले १,१०,००० कोर्टाच्या आदेशाने परत आले. उरलेल्या रकमेसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे, म्हणजे मंत्रालयातल्या माहिती तंत्रज्ञान विभागाच्या सचिवांकडे, बँक आणि मोबाइल कंपनी दोघांविरुद्ध अर्ज केलाय. बँक लोकपाल फक्त बँकेचं बघतो, कंपनीचं नाही, हे त्याच्या नावाने अर्ज लिहून झाल्यावर कळलं, म्हणून तो पुन्हा लिहिला.

आणि हो, बँकेचे ईमेल अलर्ट चालू आहेत का ते आजच बघा. माझ्याकडे ते नसते, तर सोमवारी दूधवाल्याचे पैसे देताना कळलं असतं.