कंट्रोल दाबून एकेक सेल

"ताई, तुम्हाला फिल्टर येतो, सूत्रं येतात, वर्गात आम्हाला तुम्हीच शिकवता. मग एक्सेलमध्ये यादी भरताना कंट्रोल दाबून एकेका सेलवर क्लिक करत का बसता?"

तुम्ही विचारलंत म्हणून आज एकदाच नीट लिहिते.

फिल्टरला कारण लागतं, आणि ते शीटमध्येच कुठेतरी लिहिलेलं असावं लागतं. वाडी अमुक, रक्कम इतक्याहून जास्त, तारीख या महिन्यातली, असं काहीतरी. माझ्याकडे येणाऱ्या याद्यांमध्ये कारण बहुतेक वेळा शीटच्या बाहेर असतं. ते कागदावर पेनाने केलेल्या खुणेत असतं, नाहीतर समोर बसून नंबर वाचणाऱ्या माणसाच्या तोंडात. चौदा नंबरचं घर पडलं आणि पंधरा नंबरचं उभं राहिलं, हे कोणत्या कॉलमवरून फिल्टर करू? सॉर्टही करता येत नाही, कारण अनुक्रमांक कागदावरच्या सह्यांच्या यादीशी जुळलेले असतात आणि लोक स्वतःचं नाव त्या क्रमानेच शोधतात.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर आलं, त्याबद्दल तुम्हाला सांगायला नको. नारळी-सुपारीच्या बागा, कौलं, पत्रे, विजेचे खांब, सगळं तुम्ही पाहिलंय. त्यानंतर आमच्या वाडीची घरांच्या नुकसानीची यादी माझ्या दुकानात टाइप झाली. वीज नव्हती. शेजारच्यांचा जनरेटर चालू असेल तेवढ्या वेळातच काम करायचं, आणि लॅपटॉपची बॅटरी सांभाळायची.

आमचे निवृत्त गुरुजी कागद घेऊन बसत आणि मी लॅपटॉप घेऊन. A कॉलमला अनुक्रमांक, B ला कुटुंबप्रमुख, C ला पाखाडी, D ला नुकसान. वर मथळ्याची ओळ असल्यामुळे तीन नंबरचं घर चौथ्या ओळीत येई, म्हणून मी ओळीचा आकडा बघतच नसे, A मधला अनुक्रमांक बघून त्याच्या सरळ रेषेतल्या D वर क्लिक करी. गुरुजी आधी फक्त पूर्ण पडलेली घरं वाचत. "तीन… आठ… नऊ… चौदा… एकवीस… बावीस… तीस." पहिलं क्लिक साधं, पुढची सगळी कंट्रोल दाबून. शेवटी D31 हा एकच सेल पांढरा राहतो, बाकीचे सहा करडे दिसतात. लिहिलेलं त्या पांढऱ्या सेलमध्येच उमटतं, त्यामुळे नवीन माणसाला वाटतं की आधीचे सहा सुटले. ते सुटलेले नसतात.

आता कंट्रोल सोडायचा. हे मी वर्गात पुन्हा पुन्हा सांगते, कारण इनस्क्रिप्ट कीबोर्डवर 'प' हे अक्षर H च्या बटणावर आहे, आणि कंट्रोल दाबलेला असताना 'पूर्ण' लिहायला गेलात तर समोर Find and Replace ची खिडकी उघडते. कंट्रोल सोडून 'पूर्ण' लिहायचं, मग कंट्रोल पुन्हा दाबून त्यासोबत एंटर. सातही सेल एकदम भरतात. नुसतं एंटर दाबलंत तर फक्त D31 भरतो आणि पांढरा चौकोन उडी मारून D4 वर जातो. तेव्हाही घाबरून दुसरीकडे क्लिक करायचं नाही. निवड अजून तशीच असते. पुन्हा 'पूर्ण' लिहा आणि या वेळी कंट्रोल-एंटर द्या.

भरल्यावर लगेच माउस हलवायचा नाही. खाली उजवीकडे, स्टेटस बारवर Count दिसतो. तिथे ७ दिसले की मी मोठ्याने "सात" म्हणायची, आणि गुरुजी कागदावरच्या खुणा मोजून "सात" म्हणायचे. मग पुढचा गट. त्या वेळचं माझं एक्सेल जुनं होतं, त्यात चुकून निवडलेला सेल पुन्हा क्लिक करून सोडता येत नसे. एक चुकलं की सगळी निवड नव्याने करावी लागे. म्हणून आम्ही एका पानाइतकेच नंबर एका वेळी घ्यायचो, स्क्रीन खाली सरकवावी लागेल इतके कधीच नाहीत. नव्या आवृत्तीत कंट्रोल दाबून त्याच सेलवर पुन्हा क्लिक केलं की तो निवडीतून निघतो, पण सवय मी तीच ठेवली आहे.

यादी पूर्ण व्हायच्या आत एक तरुण कर्मचारी आला. कुठल्या कार्यालयाचा ते लिहीत नाही. मुलगा वाईट नव्हता, दिवसभर वाड्यावाड्यांतून चिखल तुडवत फिरत होता. 'पूर्ण' भरून झालं होतं, अंशतः पडझडीची घरं भरायची राहिली होती. त्याने आमचं चाललेलं पाहिलं आणि म्हणाला, "ताई, असं केलंत तर आठवडा जाईल." उरलेली घरं सगळी अंशतःच आहेत ना, मग क्लिक कशाला? फाइल त्याने पेनड्राइव्हवर घेतली आणि पुढचं काम त्याच्या लॅपटॉपवर करून टाकलं.

त्याने काय केलं ते मला नंतर त्याच्याच तोंडून कळलं. 'पूर्ण' लिहिलेल्या ओळी नजरेसमोर नकोत म्हणून त्याने ओळींच्या आकड्यांवर उजवं क्लिक करून त्या Hide केल्या. मग D कॉलममध्ये वरपासून खालपर्यंत माउस ओढला, 'अंशतः' लिहिलं आणि कंट्रोल-एंटर दिलं. स्क्रीनवर सगळं बरोबर दिसलं. पण वरून खाली ओढून केलेल्या निवडीत मधल्या लपवलेल्या ओळीही येतात, आणि कंट्रोल-एंटर त्या भरतं. लपवलेल्या प्रत्येक 'पूर्ण'वर 'अंशतः' बसलं. तेव्हाच कंट्रोल-झेड दिलं असतं तर एका फटक्यात सगळं परत आलं असतं. फाइल सेव्ह झाली, बंद झाली, पुढे गेली. पुढे कुणीतरी ओळी उघड्या केल्या आणि यादी छापली.

ती यादी लागली तेव्हा वरच्या पाखाडीतल्या काकू माझ्याकडे आल्या. घराचा चौथरा तेवढा उरलेला. त्या वादळाच्या आदल्या रात्री शाळेत गेल्या म्हणून वाचल्या. मला म्हणाल्या, "बाय, तूच लिहिलंस ना गो? मग अंशतः कसं?" उत्तर द्यायच्या आधी मी त्यांच्याकडची यादी आणि माझ्या लॅपटॉपवरची जुनी प्रत शेजारी ठेवली. नवीन फाइल मागवली, आणि रिकाम्या सेलमध्ये हे लिहिलं:

```
=COUNTIF(D2:D186,"पूर्ण")
```

उत्तर शून्य आलं. संपूर्ण वाडीत एकही घर पूर्ण पडलेलं नाही, असं ती फाइल सांगत होती. हे सूत्र लपवलेल्या ओळीही मोजतं, म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवता आला. गुरुजींच्या खुणांचा कागद होता, माझी प्रत होती, तरी दुरुस्तीसाठी पुन्हा पाहणी लागेल असं सांगण्यात आलं. तोपर्यंत बहुतेकांनी पडलेल्या भिंती, वासे, फुटकी कौलं उचलून जागा साफ केली होती. पाऊस कोसळत होता, कुणी थांबणार होतं का? काकूंनी त्याच चौथऱ्यावर ताडपत्रीचं छप्पर घातलं होतं, आणि पाहणीला आलेल्या माणसाला ते छप्पर असलेलं घर दिसलं. पूर्ण आणि अंशतः यांच्या मदतीत किती अंतर असतं हे ज्याला माहीत आहे, त्याला पुढचं मी सांगायची गरज नाही. दुरुस्त्या झाल्या. काकूंची सर्वांत शेवटी झाली.

म्हणून मी क्लिक करते. कंट्रोलने एकेक निवडलेल्या सेलमध्ये लपलेली ओळ येऊच शकत नाही, कारण जी दिसत नाही तिच्यावर माउस नेता येत नाही. प्रत्येक क्लिकच्या वेळी माझी नजर त्या माणसाच्या नावावर जाते. लपवलेल्या ओळी ओळखायच्या असतील तर डावीकडचे आकडे बघा. ४१ नंतर थेट ४४ आला आणि मध्ये दुहेरी रेघ दिसली की ओळी लपवलेल्या आहेत. ओढूनच निवडायचं असेल तर ओढून झाल्यावर, काही लिहायच्या आधी, Alt आणि अर्धविराम (;) एकत्र दाबा, मग फक्त दिसणारे सेल निवडीत राहतात. त्या मुलाला हे कुणी शिकवलं नव्हतं. एक गोष्ट मला खुपते: त्याने जे बटण दाबलं तेच मी दाबते. दोष कंट्रोल-एंटरचा नव्हता, निवडीचा होता.

पण वादळाच्या आधी मीच वर्गात सांगत असे की क्लिक करत बसावं लागलं तर तुम्हाला माहिती मांडता आलेली नाही. 'एक कॉलम वाढवा, त्यात खूण करा, मग फिल्टर लावा.' ते मी विनाकारण सांगत नव्हते. कंट्रोलने भरलेल्या यादीत कोणते सात सेल एका वेळी भरले, कुणाच्या सांगण्यावरून, याचा मागमूस राहत नाही. खुणेचा कॉलम राहतो. मागच्या बॅचमधल्या एका मुलीने मला तोंडावर विचारलं, "गुरुजी नंबर वाचतच होते, तर प्रत्येक नंबरासमोर एक आकडा टाकला असता तरी वेळ तेवढाच गेला असता ना?" तेवढाच गेला असता. आणि काकूंची नोंद वेगळ्या कॉलममध्ये उरली असती, ज्याला त्या मुलाने हातही लावला नसता.

तिला मी सांगितलं की वीज नसताना, जनरेटर बंद व्हायच्या आत, मोठ्याने "सात" म्हणून पडताळता येणारी पद्धत हवी होती. ती म्हणाली, खुणांचीही बेरीज होतेच की. त्यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आत्ताही नाही. लांबलचक यादीत, जिथे निवडलेले सेल स्क्रीनबाहेर जातात, तिथे मी आता खुणेचा कॉलम करते. पानभर यादी असेल आणि वाचणारा समोर बसला असेल, तर माझं बोट कंट्रोलवरच जातं.