एका प्रतीचा खर्च काढताना

आईच्या आठवणींचं पुस्तक स्वतःच छापायचं ठरवलं, तेव्हा छपाईवाल्यांकडून 300, 500 आणि 1000 प्रतींची अंदाजपत्रकं मागवली. प्रतीमागे पडणारा भाव 1000 च्या छपाईत बराच कमी होता, त्यामुळे मी जवळजवळ हजारालाच हो म्हणणार होते. पण एक वजाबाकी केली आणि विचार बदलला.

500 प्रतींची एकूण रक्कम 100 भाग धरली, तर 1000 प्रतींची 160 भाग होत होती. म्हणजे पुढच्या 500 प्रतींना फक्त 60 भाग. पहिल्या 500 ना कागद, छपाई, बांधणी यांसाठी तेवढेच लागणार. उरलेले 40 भाग प्लेट, मशीन लावणं आणि मुखपृष्ठाची तयारी यांचे. हा खर्च एक प्रत काढली तरी होणारच. पडताळा म्हणून 300 प्रतींचा हिशेब केला: 40 अधिक 36, म्हणजे 76. तिसऱ्या अंदाजपत्रकातही तेवढेच होते. त्यात फरक आला असता तर मी आधी कारण विचारलं असतं. कधी कागद बदललेला असतो, कधी मशीन.

मग फॉर्म मोजले, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेले पानांचे गठ्ठे. डेमी आकारात एक फॉर्म 16 पानांचा. माझी पानं 200, म्हणजे साडेबारा फॉर्म. त्या अर्ध्या फॉर्मसाठी वेगळ्या प्लेट आणि वेगळी घडी. दोन कोरी पानं आणि लांबलेलं मनोगत कापून 192 वर आणलं, बरोबर 12 फॉर्म.

कागद 70 जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला 70 ग्रॅम वजनाचा, घ्यायचा की 80? कागदाचा भाव वजनावर असतो, म्हणून कागदाचा खर्च साधारण सातव्या हिश्शाने वाढतो. प्रतींबरोबर वाढणाऱ्या खर्चात, म्हणजे 500 प्रतींच्या त्या 60 भागांत, कागदाचा वाटा निम्मा होता. 500 च्या छपाईत एका प्रतीमागे वाढ चार टक्क्यांच्या आसपास आली. दोन्ही कागदांचं छापलेलं पान खिडकीशी धरून पाहिलं. 70 च्या पानातून मागच्या ओळी दिसत होत्या, वाचताना डोळा अडखळत होता. 80 घेतला. बांधणीत मात्र शिलाई सोडून परफेक्ट बाइंडिंग, म्हणजे पाठीला गोंदाने चिकटवलेली बांधणी घेतली, कारण शिलाईचा खर्च फॉर्मच्या संख्येवर चढतो आणि प्रत्येक प्रतीला पुन्हा द्यावा लागतो. एक कोरी डमी, म्हणजे न छापलेली नमुना प्रत, मात्र आधी करून घेतली, ती पूर्ण उघडून पाठीवर दाबली आणि पान सुटत नाही ना ते पाहिलं.

राहिला प्रतींचा आकडा. हजार प्रतींचे 160 भाग, 500 च्या छपाईत एका प्रतीमागे 0.2 भाग. 160 भागिले 0.2 म्हणजे 800. हजार छापून 800 खपल्या, तरच विकलेल्या प्रतीमागचा खर्च 500 च्या छपाईइतका येतो. त्याच्या आधी हजाराची छपाईच महाग. माझ्या यादीत ओळखीचे वाचक, वाचनालयं, नातेवाईक धरून साडेतीनशे नावं होती. मी 500 छापल्या.