पार्टीनंतरचा तिसरा दिवस आणि मूळव्याध

मला मूळव्याध आहे हे पूर्वीपासून माहीत होतं. एरवी ती गप्प असते. पण मित्रांबरोबर रात्री उशिरापर्यंत बसणं झालं की दोन-तीन दिवसांनी हमखास उठते. त्रास दुसऱ्याच दिवशी होत नसल्यामुळे त्याचा त्या रात्रीशी संबंध बरेच दिवस लागत नव्हता. शुक्रवारी प्यायलेलो असायचो आणि रविवारी किंवा सोमवारी सकाळी संडासात कुंथावं लागायचं. खडा उतरताना जळजळायचं आणि शेवटी लालभडक रक्ताचे थेंब पडायचे. मी दोष द्यायचो तो शनिवारच्या तिखट मिसळीला.

गेल्या वेळी रक्त जरा जास्त गेलं म्हणून सर्जनकडे गेलो. त्यांनी आधी प्रॉक्टोस्कोपी केली. छोटी नळी आत घालून बघतात, दोन मिनिटांचं काम, अवघडल्यासारखं होतं पण फारसं दुखत नाही. आतले कोंब दुसऱ्या ग्रेडचे निघाले, म्हणजे कुंथताना बाहेर येणारे आणि आपोआप आत जाणारे. मग त्यांनी विचारलं, "दोन-तीन दिवस आधी काय खाल्लं-प्यायलं?" मी सगळं सांगितलं. व्हिस्की, सोबत खारे शेंगदाणे, फरसाण, चिकन, रात्री दीडला बिर्याणी, आणि पाणी जवळजवळ नाहीच.

त्यांनी जे समजावलं ते असं. शरीरातलं पाणी राखायला मेंदूतून एक हार्मोन सुटतो आणि तो मूत्रपिंडांना पाणी अडवायला सांगतो. दारूमुळे तो कमी सुटतो, म्हणून बसल्यावर लघवीला वारंवार जावं लागतं आणि प्यायलेल्यापेक्षा जास्त पाणी बाहेर पडू शकतं. वर चकण्याचं मीठ. मोठं आतडं मलातलं पाणी शोषून घेतच असतं, त्यात शरीर कोरडं असलं की मल जास्त सुकतो. जेवणात भाजी, कोशिंबीर काहीच नसेल तर मल बांधून धरणारा चोथाही नसतो. खाल्लेलं बाहेर यायला साधारण एक ते तीन दिवस लागतात, म्हणून त्रास उशिरा जाणवतो. कुंथलं की खालच्या रक्तवाहिन्यांवर दाब येतो, कोंब फुगतात, आणि कोरडा खडा त्यांना घासत जातो. काहींना दारूने उलट जुलाब होतात. वारंवार जाऊन आणि पुसून पुसून तिथेही मूळव्याध चाळवते.

त्यामुळे आता माझी तयारी शनिवारी सकाळीच सुरू होते, रविवारची वाट बघत नाही. उठल्यावर लघवीचा रंग बघतो. गडद पिवळी असेल तर ती फिकी होईपर्यंत थोडं थोडं पाणी, ताक, लिंबू सरबत चालू ठेवतो. एकदम दोन लिटर ढोसून उपयोग नाही, बरंचसं लघवीवाटे निघून जातं. रात्री दोन चमचे इसबगोल मोठ्या ग्लासभर पाण्यात ढवळून लगेच पितो आणि वर आणखी एक ग्लास पाणी घेतो. हे वरचं पाणी चुकवू नये. इसबगोल पाणी धरून फुगतो, पाणी कमी पडलं तर आत घट्ट होऊन अडकू शकतो. आणि तो एका रात्रीत काम करेलच असं नाही, म्हणूनच पहिल्या दिवशी सुरू करायचा. जेवणात पालेभाजी, भाकरी, पपई.

संडासला लागली की लगेच जातो, रोखून धरत नाही. मोबाईल बाहेर ठेवतो, पायाखाली छोटा स्टूल घेतो, आणि पाचेक मिनिटांत झालं नाही तर कुंथत न बसता उठतो. सूज असेल तर परातीत कोमट पाणी घेऊन त्यात दहा-पंधरा मिनिटं बसतो. पाणी कढत नको, हाताला सुखद लागेल इतकंच. मग पुसताना घासायचं नाही, नुसतं टिपायचं. डोकं दुखतंय म्हणून आयबुप्रोफेनसारखी गोळी घ्यायची नाही असं डॉक्टरांनी बजावलं आहे, कारण तिने रक्तस्राव वाढू शकतो.

दुखण्याच्या जातीवरूनही थोडं कळतं. आतली मूळव्याध सहसा रक्त देते, दुखत नाही. शौचाच्या वेळी काच कापल्यासारखं होऊन नंतर तासभर ठणकत राहिलं तर बहुतेक वेळा फिशर, म्हणजे गुदद्वाराला पडलेली चीर असते. अचानक निळसर, टणक, खूप दुखणारी गाठ आली तर बाहेरच्या कोंबात रक्त गोठलेलं असू शकतं. तेव्हा पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्जनने बघितलेलं बरं, कारण गाठ काढायची असेल तर फायदा तेव्हाच जास्त होतो.

रक्त काळं असेल, मलात मिसळलेलं असेल, चक्कर येत असेल, वजन उतरत असेल, तर घरगुती उपाय करत बसू नका. नियमित पिणाऱ्यांनी तर नक्कीच दाखवावं. यकृत खराब झालं की गुदाशयाच्या शिरा फुगून तिथूनही रक्त जातं, आणि बाहेरून ते मूळव्याधीसारखंच दिसतं.