म्हंजी पाणाड्याच की!

जागतिक जलदिनाचा, म्हणजे 22 मार्चचा कार्यक्रम होता. जत तालुक्यातलं एक गाव, तिथलं वाचनालय आणि त्यांची तीन दिवसांची व्याख्यानमाला. मी निवेदक. पूर्वी काही वर्षं आकाशवाणी सांगलीवर नैमित्तिक उद्घोषक म्हणून काम केलं आणि तेव्हापासून माईक सुटला नाही. शेवटच्या दिवशीच्या व्याख्यात्या भूजलशास्त्रज्ञ होत्या, हैदराबादहून येणाऱ्या. त्यांचा परिचय आदल्या दिवशी दुपारी माझ्या फोनवर आला. एक पान इंग्रजी आणि त्याच्याखाली संयोजक सरांनी केलेलं मराठी भाषांतर. सर निवृत्त मुख्याध्यापक. शेवटी लिहिलं होतं, ‘तुमचं काम सोपं केलंय, फक्त वाचायचं.’

इंग्रजीतलं पहिलंच वाक्य असं होतं: अवॉर्ड-विनिंग हायड्रोजिऑलॉजिस्ट, विथ ओव्हर टू डेकेड्स ऑफ एक्सपीरियन्स इन पार्टिसिपेटरी ग्राउंडवॉटर मॅनेजमेंट, ॲक्रॉस सेमी-ॲरिड रीजन्स ऑफ पेनिन्शुलर इंडिया. सरांनी त्याचं केलं होतं: ‘द्वीपकल्पीय भारताच्या अर्धशुष्क प्रदेशांमधील सहभागी भूजल व्यवस्थापनाचा दोन दशकांहून अधिक अनुभव असलेल्या पुरस्कारविजेत्या जलभूवैज्ञानिक डॉ. अमुक ह्या आहेत.’

मी कुठलाही मजकूर आधी उभी राहून मोठ्याने वाचते. बसून मनातल्या मनात वाचलं की सगळंच चालून जातं. इथे ‘असलेल्या’पर्यंत पोचले आणि श्वास संपला. वाक्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती. अडचण अशी की इंग्रजीत माणूस आधी येतो आणि त्याची विशेषणं मागून गाडीच्या डब्यांसारखी लागत जातात. तेच मराठीत जसंच्या तसं आणलं की सगळे डबे आधी येतात आणि इंजिन शेवटी. डोळ्याला चालतं, कारण डोळा मागे जाऊन पुन्हा वाचू शकतो. कानाला ती सोय नाही. ‘द्वीपकल्पीय’ ऐकलं की ऐकणारा वाट बघायला लागतो, कशाबद्दल चाललंय, आणि ‘आहेत’ येईपर्यंत त्याने शेजाऱ्याशी बोलायला सुरुवात केलेली असते.

पुढे आणखी गमती होत्या. प्रिन्सिपल इन्व्हेस्टिगेटरचं ‘प्रमुख तपासनीस’ झालं होतं. आमच्याकडे तपासनीस म्हटलं की एक तर एसटीतला, नाही तर पोलिसांतला. ‘भूजलाविषयी त्यांना उत्कट आवड आहे’ हे वाक्य मी नवऱ्याला वाचून दाखवलं, तर तो म्हणाला, ‘भूजल म्हणजे भेळ आहे का?’ आणि सगळ्यात वरताण म्हणजे, इंग्रजीत होतं शी डिव्हाइड्स हर टाइम बिटवीन हैदराबाद अँड द फील्ड. त्याचं झालं होतं, ‘त्या आपला वेळ हैदराबाद व शेत यांमध्ये विभागतात.’

सरांना दुखवायचं नव्हतं. मी फोन करून म्हटलं, ‘सर, तुमचा मजकूर कार्यक्रमपत्रिकेत छापा, कागदावर तो शोभून दिसेल. बोलायचं मी वेगळं करते.’ सर जरा थांबले आणि म्हणाले, ‘पण काही गाळू नका. मोठ्या बाई आहेत.’

गाळावं तर लागणारच होतं. मला दिलेला वेळ होता दीड मिनिट. खुल्या मैदानावर कर्ण्यातून बोलताना मी मिनिटाला शंभर शब्दांच्या पुढे जात नाही, नाही तर प्रतिध्वनी आपलेच शब्द खातो. म्हणजे हातात दीडशे शब्द, त्यातले वीस-पंचवीस स्वागताचे. काय ठेवायचं हे परिचयावरून ठरेना, कारण असे परिचय बहुतेक वेळा निधी देणाऱ्या संस्थांसाठी आणि परिषदांसाठी लिहिलेले असतात. त्यात माणूस काय करतो यापेक्षा कशावर आहे, कशाचा सदस्य आहे हेच जास्त. म्हणून संध्याकाळी मॅडमना फोन लावला.

मला वाटलं होतं पाच मिनिटं, बोललो अर्धा तास. पहिला प्रश्न मी नेहमी नावाच्या उच्चाराचा विचारते. दुसरा विचारला, ‘ओव्हर टू डेकेड्स म्हणजे नक्की किती?’ बावीस वर्षं. ‘अँड द फील्ड’ म्हणजे महिन्यातले दहा दिवस गावोगाव फिरणं. प्रिन्सिपल इन्व्हेस्टिगेटर म्हणजे अकरा गावांच्या पाहणीची सगळी जबाबदारी त्यांच्यावर होती. आणि पार्टिसिपेटरी म्हणजे? त्या हसल्या. म्हणाल्या, ‘विहिरीत टेप आम्ही सोडत नाही, गावातली पोरंपोरी सोडतात. पावसाळ्याआधी एकदा, पावसाळ्यानंतर एकदा. आकडे वहीत मांडतात आणि मग गाव बसून ठरवतं, यंदा रब्बीला काय घ्यायचं आणि काय नाही.’ ‘सहभागी भूजल व्यवस्थापन’ हे मला दुपारपासून गिळवत नव्हतं. ते इथे टेप आणि वही होऊन समोर आलं.

मग मी माझा कच्चा मजकूर वाचून दाखवला. त्यात होतं, ‘जमिनीखाली पाणी कुठून कुठे वाहतं याचा नकाशा.’ इंग्रजीत होतं ॲक्विफर मॅपिंग, सरांनी ‘जलधरांचे नकाशांकन’ केलं होतं. जलधर हा सरकारी कागदांत रुळलेला, बरोबर शब्द आहे, पण गावात जलधर हे फार तर कुणाचं नाव असेल. म्हणून मी ‘वाहतं’ केलं होतं. मॅडमनी तिथेच थांबवलं. ‘वाहतं म्हणू नका. लोकांना वाटतं खाली नदी आहे, भोक बरोबर पडलं की ती लागते. आपल्याकडचा खडक बेसाल्ट. त्यात पाणी फटींत आणि मऊ थरांत असतं. मुरतं, झिरपतं, साठतं. आणि त्या थरात जेवढं मुरलं तेवढंच. तुमच्याकडे विहीर खणणारे काय म्हणतात?’ मी म्हटलं, ‘वर मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण.’ ‘मग तेच म्हणा,’ त्या म्हणाल्या. ‘मला सुद्धा ते शब्द माझ्या आजोबांकडूनच माहीत आहेत.’

आजोबा? इंग्रजीत आजोबांचा पत्ता नव्हता. हेल्स फ्रॉम द ड्राउट-प्रोन डेक्कन एवढंच होतं, आणि सरांनी त्याचं ‘अवर्षणप्रवण दख्खनच्या रहिवासी’ केलं होतं. विचारल्यावर कळलं, माहेर मंगळवेढ्याचं. म्हणजे आमच्या शेजारचा तालुका! ज्या बाईंना आम्ही हैदराबादच्या पाहुण्या म्हणून मिरवणार होतो, त्यांनी लहानपणी आमच्यासारखंच टँकरमागे हंडा घेऊन धावलेलं होतं. दीड मिनिटातली शेवटची वीस सेकंदं मी त्याच क्षणी मंगळवेढ्याला देऊन टाकली.

रात्री मजकूर नव्याने लिहिला. ‘त्या अमुक आहेत, त्यांनी अमुक केले, त्यांना अमुकने सन्मानित करण्यात आले’ ही त्यात्यांची माळ तोडली. एकदा कुणाबद्दल चाललंय हे कळलं की मराठीत क्रियापदच सांगतं, सर्वनाम दर वाक्याला लागत नाही. पुरस्कार तीन होते, एक ठेवला. शोधनिबंधांचा आकडा काढला. नाव शेवटी नेलं. इंग्रजी परिचय नावाने सुरू होतो, पण आमच्या व्यासपीठावर नाव उच्चारलं की टाळ्या पडतात आणि टाळ्यांनंतर केलेली ओळख कुणी ऐकत नाही. तयार झालेला मजकूर असा:

‘मंडळी, रानात बोअर मारताना आपण एकच विचारतो, पाणी किती फुटावर लागलं? आजच्या आपल्या पाहुण्या पुढचं विचारतात. लागलेलं पाणी पुरणार किती दिवस? आणि शेजारच्या विहिरीचं काय होणार? गेली बावीस वर्षं मॅडम जमिनीखालचं पाणी शोधतायत. मुरुमात किती मुरतं, मांजऱ्यात किती साठतं, त्याचे नकाशे अकरा गावांत काढले, आणि तेही गावातल्याच पोरापोरींना हाताशी धरून. या कामाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मुक्काम हैदराबादला असतो, पण महिन्यातले दहा दिवस पाय मातीत. आणि पाहुण्या म्हणतेय खरी, पण माहेर इथून उठून शेजारी, मंगळवेढ्याचं! टाळ्यांच्या गजरात स्वागत करूया...’

घड्याळ लावून वाचलं, एक मिनिट दहा सेकंद. मी खूश.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैदान भरलं होतं. पहिली दोन वाक्यं नीट उतरली, बोअरच्या प्रश्नाला माना हलल्या. मग मी म्हटलं, ‘गेली बावीस वर्षं मॅडम जमिनीखालचं पाणी शोधतायत,’ आणि दुसऱ्या रांगेतले एक फेटेवाले आजोबा शेजाऱ्याला म्हणाले, तेही चांगलं खणखणीत:

‘म्हंजी पाणाड्याच की!’

हशा पिकला. माझ्या पोटात गोळा आला. तळहातावर नारळ धरून किंवा बेचकं घेऊन रानात फिरणारा, नारळ उभा राहिला की ‘इथं मार’ म्हणणारा तो पाणाड्या. ज्या समजुतीशी या बाई बावीस वर्षं भांडतायत, तिचीच टोपी मी त्यांच्या डोक्यावर चढवली होती. चूक कुठे झाली ते मला तिथल्या तिथे कळलं. मनात माझ्या होतं संशोधन, तोंडातून गेलं शोधणं. वर्तमानपत्रात ‘शोध’ दोन्ही अर्थांनी चालतो, पण रानात ‘पाणी शोधणं’ याचा अर्थ एकच, आणि ते काम करणारा माणूसही ठरलेला. जड शब्द टाळण्याच्या नादात मी सोपा शब्द घेतला आणि त्याच्यावर आधीच कुणी बसलंय का हे पाहिलंच नाही. सरांच्या ‘जलभूवैज्ञानिक’वर निदान कुणी हसलं नसतं.

मी कसंबसं मंगळवेढ्यापर्यंत आणलं. तिथे मात्र टाळ्या अशा पडल्या की नाव बुडालं, पुन्हा घ्यावं लागलं.

मॅडम उठल्या, माईक हातात घेतला आणि नमस्कार-चमत्कार बाजूला ठेवून थेट आजोबांकडे वळल्या. ‘काका, पाणाड्या पाणी सांगतो. मी सांगत नाही, मी मोजते. तुमच्या विहिरीला पाणी किती हाये?’

‘आसंल की पाच-सा परस.’

‘कधी मोजलं?’

आजोबा गप्प. मग म्हणाले, ‘मोजाय कशाला लागतंय, दिसतंय की.’

पुढचा तास त्या ‘दिसतंय की’वर गेला. मी विंगेत उभी राहून माझ्या कागदावरचं ‘पाणी शोधतायत’ खोडलं आणि वर लिहिलं, ‘विहिरींचं पाणी मोजतायत.’ आता त्याचा उपयोग नव्हता, तरी लिहिलं.

आभार झाल्यावर सर भेटले. म्हणाले, ‘छान झालं. पण तुम्ही शोधनिबंध गाळलेत.’ मी हो म्हटलं. तिकडे गाडीजवळ फेटेवाले आजोबा मॅडमना गाठून उभे होते. जवळ गेले तेव्हा एवढंच ऐकू आलं: ‘ताई, तुमची ती टेप किती फुटाची असती?’