喎 चा घोटाळा : ‘येतोय की’ आणि ‘येणार म्हणे’

मागच्या नोंदीत मी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं की कॅन्टोनीज वाक्यांच्या शेवटी लागणाऱ्या छोट्या शब्दांच्या शेपट्या आता हाताला लागल्या, पुढच्या महिन्यात क्रियापदांकडे वळतो. ती ओळ मागे घेतो. एका शेपटीने शनिवारचा अख्खा डाव मोडला, आणि तो केवळ माझ्या वाचण्यामुळे मोडला.

आमचा चौघांचा ऑनलाइन माहजाँगचा अड्डा तुम्हाला ठाऊक आहेच. हाँगकाँगचे रात्रीचे नऊ, म्हणजे आपल्याकडचे साडेसहा. माहजाँगला चार हात लागतात, तीन असून उपयोग नाही. म्हणून एक पाचवा गडी आम्ही राखीव ठेवतो. त्या दिवशी दुपारी गटातल्या ताईंचा (हाँगकाँगमधल्या शाम श्वी पो भागातल्या, मला घरच्यासारखं झापणाऱ्या) मेसेज आला :

阿明今晚嚟喎

आ-मिंग आज रात्री येतो, आणि शेवटी 喎. मी वाचलं, ‘अरे, आ-मिंग येतोय की आज!’ लगेच पाचव्याला कळवलं की आज तुझी गरज नाही. नऊ वाजले, आ-मिंगचा पत्ता नाही. पाचवा तोवर सिनेमाला जाऊन बसला होता. सव्वानऊला ताईंचा दुसरा मेसेज : 佢話塞車喎. वाहतूक तुंबल्याची बातमी. त्यातही मी शहाणपणा केला, त्याचं पुढे सांगतो.

आधी मूळ दुखणं. 喎 हे एकच अक्षर, पण ते किमान तीन सुरांत बोललं जातं. ज्यूतपिंगमध्ये, म्हणजे सूर आकड्याने दाखवणाऱ्या रोमन लिखाणात, लिहायचं तर wo3, wo4 आणि wo5. wo3 चा सूर मधल्या उंचीवर सपाट राहतो. wo5 खालून निघून थोडा वर चढतो. wo4 खाली घसरतो आणि एकदम काहीतरी लक्षात आल्याचा धक्का दाखवतो; तो मला गप्पांत फारसा छळत नाही, म्हणून आज त्याला बाजूला ठेवतो. खरं भांडण wo3 आणि wo5 चं आहे. wo3 म्हणजे बोलणाऱ्याने स्वतः काहीतरी टिपलंय आणि ते तो तुमच्या नजरेला आणून देतोय. wo5 म्हणजे हे दुसऱ्याचं बोलणं, मी फक्त पोचवतेय, खरंखोटं त्याच्या पदरी. कानाला फरक स्वच्छ कळतो. पडद्यावर दोन्हीकडे तेच 喎, कारण गप्पांत सुराचा आकडा कोणी लिहीत नाही. रोमन अक्षरांत टाइप करणारे तर नुसतं wo किंवा wor लिहून मोकळे होतात.

माझ्याकडे विकत घेतलेल्या फ्लॅशकार्डांचा एक संच आहे. त्यात 喎 च्या कार्डावर ‘आश्चर्य’ एवढाच अर्थ. पैसे परत मागण्याची मुदत केव्हाच गेली, त्यामुळे नाव न घेता फक्त चरफडतो. words.hk या ऑनलाइन कॅन्टोनीज शब्दकोशावर मात्र सुरानुसार वेगळे अर्थ आणि खाली उदाहरणं आहेत. सुरुवात तिथून केली असती तर शनिवारचा डाव वाचला असता.

कोडं सुटलं ते ताईंच्या आवाजामुळे. डाव मोडल्यावर मी रडगाणं लावलं की तुम्हीच तर लिहिलंत तो येतोय. त्यांनी तोच मेसेज व्हॉइस नोटमध्ये म्हणून पाठवला. शेवटचं ‘वो’ खाली बुडून वर आलं, आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, ‘येणार म्हणे!’

म्हणे! इतके महिने मी इंग्रजी व्याख्यांत डोकं खुपसून बसलो होतो आणि wo5 माझ्या आजीच्या तोंडात होता. ‘आ-मिंग येणार म्हणे’, म्हणजे त्याने सांगितलंय, मी हमी घेत नाही, पानं वाढताना त्याचं मोजू नका. ताईंनी हेच लिहिलं होतं. रागाच्या जागीही हे बसतं. 佢話我肥喎 हे शिकवणीतलं नेहमीचं वाक्य, ‘ती मला जाडी म्हणाली’. wo5 सुरात ते ‘मला म्हणे जाडी!’ होतं, त्या नाकातल्या फणकाऱ्यासकट. wo5 हा 話 (waa6, म्हणणे) या क्रियापदाचाच झिजलेला वंशज असावा असं एक मत आहे. आपला ‘म्हणे’ही म्हणण्यातूनच आलाय, तेव्हा मला ते पटायला जड गेलं नाही.

मग wo3 ला कोण? त्याच झपाट्यात तेही सापडलं : आपला ‘की’. खिडकीतून बघून 落雨喎, ‘पाऊस पडतोय की!’ विसरलेलं आठवलं तर 係喎, ‘अरे हो की’. नवीन हॉटेलात पहिला घास घेतल्यावर 幾好喎, ‘चांगलंय की!’ शेवटचं 幾好啦 शी ताडून बघा. laa1 लावला की तेच ‘चांगलं’ उतरतं, ‘हां, बरं आहे, चालतंय’. स्वयंपाक करणाऱ्यासमोर हे दोन्ही अदलाबदल करू नका. मी केलं आहे.

पण ‘की’ सगळीकडे पुरत नाही. 我冇錢喎 म्हणजे ‘माझ्याकडे पैसे नाहीत’, आणि तिथला wo3 नकाराची धार बोथट करतो. मराठीत तिथे ‘पण पैसेच नाहीत ना माझ्याकडे’ असं म्हणावं लागतं. म्हणजे एका शेपटीला एक मराठी जोडीदार असं लग्न लागत नाही. वहीत मी आता wo3 समोर ‘की, बरं का, पण...ना’ असे तिघे बसवलेत.

आता त्या दुसऱ्या मेसेजबद्दल. 佢話塞車喎. ‘म्हणे’ सापडल्याच्या धुंदीत मी ती ओळ उतरवली, ‘तो ट्रॅफिक म्हणाला म्हणे’. मराठीत याचा अर्थ होतो की त्याने हे तिसऱ्याच कोणाला सांगितलं आणि ताईंनी ते ऐकलं. म्हणून मी विचारलं 邊個話㗎? (कोण म्हणालं?). उत्तर दोन अक्षरांचं आलं : 佢囉. ‘तोच, आणखी कोण’, शेवटी lo1, म्हणजे एवढंही कळत नाही का. तेव्हा उलगडलं. कॅन्टोनीजमध्ये 話 आणि wo5 एकाच वाक्यात सुखाने नांदतात आणि निरोप एकाच तोंडचा राहतो. मराठीत ‘म्हणाला’ आणि ‘म्हणे’ एकत्र आले की निरोप दोन तोंडांतून आल्यासारखा वाटतो. आणखी एक फरक : ‘म्हणे’ वाक्याच्या मध्येही घुसतो (‘तो म्हणे येणार’), wo5 मात्र शेवटची जागा कधी सोडत नाही.

मग लिहिलेला 喎 ओळखायचा कसा? ताईंचे जुने मेसेज काढून त्यांना विचारत विचारत एवढं जमलंय. आधी बघायचं, लिहिणाऱ्याला ही गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी कळू शकते का? पाऊस, चव, विसरलेली किल्ली असेल तर wo3 धरा. वाक्यात तिसरं माणूस आहे, त्याचा बेत किंवा त्याची सबब आहे, किंवा 話, 叫 (सांगणे), 聽講 (ऐकलंय) यांपैकी काही आहे, तर wo5 चा संशय घ्या. 係喎 आणि 唔係喎 या ठरलेल्या जोड्या गप्पांत मी डोळे मिटून wo3 धरतो. एवढं करूनही 阿明今晚嚟喎 सारखं वाक्य दोन्हीकडे झुकतं. तिथे आ-मिंगचा स्वभाव माहीत असणं हाच उपाय. ताईंना तो माहीत होता, मला नव्हता.

कान तयार करायला हाँगकाँग कॅन्टोनीज कॉर्पसकडे वळलो. 1997-98 मधलं ध्वनिमुद्रित बोलणं, आणि प्रत्येक शब्दाला ज्यूतपिंग लावलेलं, त्यामुळे इथे पायथनच्या pycantonese लायब्ररीतून wo3 आणि wo5 वेगळे शोधता येतात :

```python
import pycantonese
c = pycantonese.hkcancor()
c.search(jyutping="wo5", word_range=(6, 0))
```

शेवटच्या आकड्यांमुळे शेपटीच्या आधीचे सहा शब्दही दिसतात, आणि 話 आहे का हे लगेच बघता येतं. अडचण एवढीच की हे बोलणं आहे, टाइप केलेल्या गप्पा नाहीत, आणि काळ व्हॉट्सॲपच्या कितीतरी आधीचा. उत्तरं झाकून, नुसतं 喎 बघून सूर ओळखायचा सराव करायला मात्र झकास.

बाकी आघाड्यांवर थोडक्यात. 㗎 चा प्रश्न मिटला : gaa3 म्हणजे ge3 आणि aa3 ची मोट. ‘हे असंच असतं, तुला माहीत नसेल म्हणून सांगतो’ हा त्याचा सूर. 香港夏天好熱㗎, ‘हाँगकाँगचा उन्हाळा फार कडक असतो बरं का’. माझ्या जुन्या फोनवर 㗎 च्या जागी चौकोन दिसायचा, म्हणून मी 架 लिहायचो. तसं लिहिणारे तिकडेही पुष्कळ आहेत, लाज वाटून घेऊ नका. टाइपडक कीबोर्डने 㗎 टाइप करायची अडचणही संपली. शिवाय तो पर्यायांसमोर हिंदी अर्थ दाखवतो, आपल्यासारख्यांना तो इंग्रजीपेक्षा पटकन लागतो.

आणि एक छोटा विजय. परवा निघताना मी 走喇 लिहिलं (laa3, ‘निघालो’), 走啦 नाही (laa1, ‘चल ना, निघू या’). बरेच जण दोन्हीकडे 啦 च लिहितात, पण मी नीट लिहिलं आणि ताईंनी अंगठा दाखवला. एवढ्यावर मी दिवसभर खूश होतो.

पुढचा बेत सगळ्या शेपट्यांची कार्डं करायचा होता. हे लिहिता लिहिताच तो बदलला. कार्डं नकोत. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘म्हणे’, ‘की’, ‘ना’ यांचा रोज पाऊस असतो. तिथले दहा मेसेज उचलायचे, कॅन्टोनीजमध्ये करायचे आणि ताईंकडून व्हॉइस नोटमध्ये म्हणवून घ्यायचे. पहिला नग तयारच आहे, काकूंचा : ‘प्लंबर पाच वाजता येणार म्हणे’.

ही नोंद टाकणार तोच ताईंचा मेसेज आलाय : 阿明今晚嚟喎. पाचव्याला सिनेमाची तिकिटं काढू नकोस म्हणून कळवलंय.