तीन तारे आणि झाकणातली रिंग

आज दिवसभर डोक्यात एकच विषय आहे: लोकांच्या तक्रारींतून धंद्याची संधी शोधताना सगळे एक ताऱ्याच्या रिव्ह्यूंकडे का धावतात? तिथे राग जास्त आणि माहिती कमी असते. पार्सल उशिरा आलं, खोका फाटला होता, पैसे परत मिळाले नाहीत. यातलं बहुतेक पोचवणाऱ्याबद्दल असतं, वस्तूबद्दल नव्हे. खरा ऐवज दोन आणि तीन ताऱ्यांत असतो. तो माणूस वस्तू वापरतोय, त्याला ती बरीचशी आवडलीय, आणि नेमकं कुठे अडतं ते तो सांगतो.

स्टीलची थर्मल बाटली घेऊ. एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या पाच बाटल्या निवडायच्या आणि प्रत्येकीचे दोन-तीन ताऱ्यांचे सगळ्यात ताजे चाळीस रिव्ह्यू वाचायचे. ताजेच, कारण उत्पादक मधेच झाकण बदलतो आणि जुन्या तक्रारी तशाच खाली पडून राहतात. तक्त्यात चार रकाने पुरतात: मॉडेल, किती दिवस वापरल्यावर, काय झालं, आणि त्यावर गिऱ्हाइकाने स्वतः काय केलं. वाक्यं त्याच्याच शब्दांत उतरवायची. 'गळती' असं एका शब्दात आवरलं की कारण हातून निसटतं.

अशा तक्त्यात दोन तक्रारी पुन्हा पुन्हा दिसतात, वास येतो आणि गळते. वरवर त्या वेगळ्या वाटतात, पण दिवसांचा रकाना लावून वाचलं की धागा जुळू लागतो. वासाची तक्रार आधी येते, गळतीची मागाहून. झाकणातली सिलिकॉनची रिंग वास धरून ठेवते, तिच्या खाचेत ओल राहते आणि तिथे काळी बुरशी धरते. ती धुवायला लोक रिंग काढू पाहतात, पण पकडायला जागाच नसते, म्हणून सुरीचं टोक घालतात. रिंगेला बारीक चीर पडते, किंवा ती परत बसवताना पिळली जाते, आणि बाटली गळू लागते. म्हणजे दोन्हींचं मूळ एकच: रिंग सहज निघत नाही. पण हा अंदाज झाला. तो खरा मानायचा तर एकाच रिव्ह्यूत 'रिंग काढून धुतली' आणि 'तेव्हापासून गळते' ही दोन्ही वाक्यं निदान काही ठिकाणी सापडायला हवीत. पहिल्याच दिवशी गळणारी बाटली या साखळीत बसत नाही, तिचा दोष साच्यात किंवा जुळणीत असतो. ती वेगळी मोजावी.

चौथा रकाना मला सगळ्यात मोलाचा वाटतो. कुणी टूथपिकने खाच साफ करतो, कुणी दुसऱ्या बाटलीची रिंग बसवून पाहतो. माणूस स्वतःहून एवढी खटपट करतो तेव्हा त्रास खरा असतो. त्याच्याही पुढचा पुरावा प्रश्नोत्तरांच्या भागात असतो: 'नुसती रिंग कुठे मिळेल?' हा प्रश्न विचारणारा पैसे द्यायला तयार होऊन आलेला असतो.

इथे हिशेबात एक मोठी चूक होते. दोनशे रिव्ह्यूंपैकी समजा पन्नासांत रिंगेची तक्रार निघाली, तर पाव गिऱ्हाइकं त्रासली आहेत असं म्हणता येत नाही. आपण मुळात नाराज लोकच निवडले, आणि बहुतेक खरेदीदार काही लिहीतच नाहीत. या आकड्यावरून बाजार किती मोठा ते कळत नाही. कळतं एवढंच की कोणती तक्रार कोणत्या तक्रारीपेक्षा जास्त वेळा येते, आणि ती पाचही मॉडेलांत आहे की एकातच. एकातच असेल तर तो त्या उत्पादकाचा दोष, आणि तो उद्या दुरुस्त करून मोकळा होईल. पाचही ठिकाणी असेल तर सगळ्यांनी तीच रचना उचलली आहे, आणि आपल्याला जागा तिथे आहे.

मग सुटी रिंग विकायची का? साचा बनवण्याआधी त्या पाचही बाटल्या विकत घेऊन व्हर्नियरने रिंगेचा बाहेरचा व्यास, जाडी आणि खाचेची खोली मोजावी. अर्ध्या मिलिमीटरच्या फरकानेही झाकण घट्ट लागत नाही किंवा पाणी झिरपतं, त्यामुळे 'सगळ्यांना चालणारी' रिंग हा मोह टाळावा. ओढायला छोटी जीभ असलेली, एकाच खपाच्या मॉडेलची रिंग ही सुरुवात जास्त शहाणपणाची. अर्थात ती जीभ सीलच्या कडेवर येता कामा नये, नाहीतर गळती आपणच विकू.

शेवटचं काम बरेच जण सोडून देतात: आधीच विकल्या जाणाऱ्या सुट्या रिंगांचेही रिव्ह्यू वाचायचे. तिथे मुख्य तक्रार 'माझ्या बाटलीला बसली नाही' अशी असेल, तर बाजारात रिंगा आहेत, माप ओळखायची सोय नाही. मग आधी बनवायचा तो मॉडेलनिहाय मापांचा तक्ता, आणि खऱ्या आकारात छापलेली, जुनी रिंग वर ठेवून ताडता येईल अशी मोजपट्टी.